चौदा मोठ्या, तीन बारक्या

मे महिन्यातल्या दुपारी सोप्यात बसून मी लॅपटॉपवर आजोबांच्या पावसाचे आकडे तपासत होते. शेजारी आजी सुपात घेवडा निवडत होती. १९७४ च्या जुलैतले कोरडे दिवस तेवढे बाजूला काढले, तर पडद्यावर पाचच तारखा उरल्या. त्या मी स्वतःशीच, पण मोठ्यानं वाचल्या. दोन, नऊ, सोळा, तेवीस, तीस. आजीचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही. "बाजार की," ती म्हणाली. मी विचारलं, काय गं? "सात-सात दिसाचा फेरा हाय न्हवं त्यो? बाजाराचा वार." आणि तिनं किडका दाणा अंगणात फेकला. मी हसून पुढच्या महिन्याकडे वळले. ऑगस्टातल्या रिकाम्या दिवसांत सहा, तेरा, वीस, सत्तावीस होत्या. मग मात्र माझं हसू मावळलं.

आमचं गाव वाईच्या बाजूचं, सह्याद्रीच्या पाठीमागच्या कोरड्या अंगाला. इथं उभं राहून पश्चिमेला पाहिलं की महाबळेश्वरचा डोंगर ढगात बुडालेला दिसतो, आणि इकडे मात्र ऊन आणि वारा. तिकडे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अवघ्या तीस-पस्तीस किलोमीटरवर आमच्या पट्ट्यात तो हजारालाही पोचत नाही. लहानपणी मला वाटायचं, पाऊस डोंगर चढताना दमतो आणि आमच्या वाट्याला त्याची फक्त ओली सावली येते. आजोबांना हा फरक आयुष्यभर खटकत असावा. जुन्या बंगल्याच्या मोडीत कुणाला तरी मिळालेलं पर्जन्यमापक त्यांनी घरी आणलं, परड्यात मोकळ्या जागी, झाडांपासून लांब, जमिनीपासून हातभर उंच राहील असं पक्कं बसवलं आणि शेळ्यांनी धडक मारू नये म्हणून भोवती काट्या रोवल्या. वर पितळी काठाचं नरसाळं, खाली पाणी साठवायची बाटली आणि सोबत मोजायला काचेचा उभा पेला. १९६९ च्या जूनपासून १९९६ च्या ऑक्टोबरपर्यंत, अठ्ठावीस पावसाळे, त्यांनी त्यातलं पाणी मोजलं.

वह्या अठ्ठावीस नाहीत, सातच आहेत. दुकानात जमाखर्चाला वापरतात तसल्या लांबट, लाल कापडी पाठीच्या. प्रत्येक वर्षाला समोरासमोरची दोन पानं. फूटपट्टीनं आखलेले उभे पाच रकाने, जून ते ऑक्टोबर, आणि आडव्या एकतीस ओळी. दौतीच्या शाईनं आकडे, तांबड्या शाईनं नक्षत्रांच्या रेघा. मृग कुठं लागला, आर्द्रा कुठं, तरणा पाऊस कुठं आणि म्हातारा कुठं, हे त्या रकान्यांना तिरपं छेदत जाणाऱ्या रेघांवरून कळतं. प्रत्येक नक्षत्रासमोर त्या वर्षीचं वाहनही लिहिलेलं: बेडूक, हत्ती, गाढव, मोर. वह्या उघडल्या की अजून कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास येतो, कसरीला म्हणून आजी दर दिवाळीत नवा पाला घालते. एका पानावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ आहे. १९७२ चं पान बघवत नाही. त्या साली पाऊस कसा होता हे मी वेगळं सांगायला नको, पण ते आखलेलं पान बघताना वाटतं की माणसानं रोज सकाळी परड्यात जायचं, बाटली उपडी करायची, एकही थेंब येत नाही हे बघायचं, घरात यायचं आणि वही उघडून तेवढं लिहायचं, हे सलग इतके दिवस कसं जमलं असेल.

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला स्वतःची आकडेवारी हवी होती, आणि मला या वह्या आठवल्या. दिवाळीत घरी आले तेव्हा मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढले आणि हिवाळाभर वसतिगृहाच्या खोलीत रात्री बसून ते टंकले. एका पावसाळ्याचे एकशे त्रेपन्न दिवस, अठ्ठावीस वर्षांचे चार हजार दोनशे चौऱ्याऐंशी. आजोबांचा तक्ता महिन्यांचा होता, मी त्याची एकच लांब यादी केली, तारीख आणि तिच्यासमोर पाऊस. हे कंटाळवाणं काम आहे असं मैत्रिणींना वाटायचं. मला तसं कधी वाटलं नाही. त्यांचा चार हा इंग्रजी वायसारखा दिसतो, नऊची शेपटी खालच्या ओळीत उतरते, आणि पाऊस जोराचा असेल तर आकडाही जरा ठसठशीत येतो. मी सातवीत होते तेव्हा ते गेले. त्यांच्याशी माझं जेवढं बोलणं झालं, त्याहून जास्त त्या चार महिन्यांत झालं असं मला मनापासून वाटतं.

मला शोधायचा होता तो नक्षत्रांचा हिशोब. वाहन बेडूक असलं की पाऊस खरंच जास्त पडतो का, तरण्यात जास्त की म्हाताऱ्यात, हे अठ्ठावीस वर्षांच्या आकड्यांवर ताडून बघायचं. त्यातून काही धड हाती येत नव्हतं. वाहनांचा आणि पावसाचा मेळ बसत नव्हता, तरणा आणि म्हातारा एकमेकांच्या आसपासच होते. आणि जे शोधत नव्हते ते आजीनं घेवडा निवडता निवडता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीत वाराचा रकाना घातला.

```
=WEEKDAY(A2,2)
```

या सूत्राला तारीख दिली की सोमवारचा एक, मंगळवारचा दोन असा आकडा मिळतो. मग प्रत्येक वाराचे पावसाचे दिवस मोजले. १९६९ ते १९८० या बारा पावसाळ्यांत इतर सगळ्या वारांना दहापैकी साधारण चार दिवस काही ना काही पाऊस होता. मंगळवारी मात्र दोनशे साठेक दिवसांत अवघ्या अकरा दिवशी. आणि बुधवारची सरासरी बाकीच्या दिवसांच्या जवळजवळ दुप्पट. आमच्याकडे शेजारच्या मोठ्या गावचा आठवडी बाजार भरतो मंगळवारी. इतका ढळढळीत प्रकार वहीत कसा दिसला नाही, याचं उत्तर वहीच्या आखणीत आहे. महिन्याच्या तक्त्यात ओळी तारखांच्या असतात, वारांच्या नसतात. १९७४ च्या जूनमध्ये पहिला मंगळवार चौथ्या ओळीत, जुलैत दुसऱ्या, ऑगस्टात सहाव्या, सप्टेंबरात तिसऱ्या ओळीत. मंगळवार प्रत्येक रकान्यात वेगळ्या पायरीवर उभा राहतो, आणि आमच्यासारख्या कमी पावसाच्या गावात कोरडे दिवस इतके की त्यांत तो मिसळून जातो. सगळे रकाने सोडवून एका दोरीत ओवले तेव्हा कुठं सात-सात मण्यांवरचा रिकामा मणी दिसला.

पाऊस नक्षत्रं पाळतो असं लोक म्हणतात. तो वार पाळत नाही. सात दिवसांचा आठवडा माणसानं केला, ढगांना तो ठाऊक असायचं कारण नाही. एका आडगावात बारा वर्षं मंगळवारी पाऊस पडत नसेल आणि बुधवारी दुप्पट पडत असेल, तर ते आभाळाचं वागणं नव्हे, मोजणाऱ्याचं. शिवाय आणखी एक गोष्ट. मोजणी सकाळी साडेआठला होते, म्हणजे मंगळवारच्या तारखेला लिहिलेला पाऊस हा बहुतांशी सोमवारी दिवसा आणि रात्री पडलेला असतो. तेव्हा खरं तर "सोमवारी पाऊस पडत नव्हता" असं म्हणावं लागलं असतं, आणि त्याचा बाजाराशी काय संबंध? संबंध एकच. मंगळवारी सकाळी साडेआठला पेला हातात धरायला घरी कुणी नव्हतं. सोमवारचं पाणी बाटलीत तसंच राहिलं, त्यात मंगळवारचं पडलं, आणि बुधवारी दोन दिवसांचं एकदम मोजलं गेलं.

एक उदाहरण देते. १९७४, पंधरा जुलैला, सोमवारी, आठ मिलिमीटर. सोळाला शून्य. सतराला सेहेचाळीस. अठराला बारा. माझ्या यादीनुसार सतरा जुलै हा त्या पावसाळ्यातला सगळ्यात मोठ्या पावसाचा दिवस होता आणि सोळा जुलै साफ कोरडा. दोन्ही खोटं. खरं एवढंच, की दोन दिवस मिळून सेहेचाळीस पडला, त्यातला कोणत्या दिवशी किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. महिन्याची बेरीज बरोबर येते, कारण बाटलीतलं पाणी काही पळून जात नाही. पण एका दिवसातला जास्तीत जास्त पाऊस किती, पावसाचे दिवस किती, पावसाची उघडीप किती दिवसांची, यांतलं काहीही या यादीवरून काढलं तर चुकणार. मी ते काढलंही होतं. बारा वर्षांतल्या सर्वांत मोठ्या दहा दिवसांची यादी प्रकल्पाच्या मसुद्यात घातली होती, आणि त्यातले पाच बुधवार होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आजोबांचा राग आला होता, आणि राग आला याची लाजही वाटत होती. मोजलं नाही तर मोजलं नाही असं लिहायचं, शून्य कशाला लिहायचं? कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ज्या माणसानं पाळला नाही त्याच्या अठ्ठावीस वर्षांचं मी काय करू? वसतिगृहात रात्ररात्र त्यांच्या अक्षरावर जीव टाकला होता. तो माणूस ढिला निघावा हे मला सहन होत नव्हतं.

पहाटे उठून मी फडताळातून वही काढली. फोटो नव्हे, वही.

दारातल्या उजेडात १९७४ चं पान धरलं. पंधरा जुलैला आठ. सोळाला, मी जिथं शून्य टंकलं होतं तिथं, शून्य नव्हतंच. बारीक आडवी रेघ होती. पानभर पाहिलं. कोरड्या दिवसांना ठिपका होता, शाईचा एक गोल ठिपका. आणि मंगळवारी रेघ. फोटोंत दोन्ही चिन्हं सारखीच काळी, इवलीशी दिसत होती. मी मानून चालले होते की घाईत ठिपका ओढला गेला की त्याची रेघ होते, आणि दोहोंना शून्य टंकत गेले. एवढंच नाही. पान जरा तिरपं केलं तशी सोळा आणि सतराच्या ओळींना जोडणारी शिसपेन्सिलची नाजूक महिरप दिसली, केसाएवढी बारीक. या दोन दिवसांचा पाऊस मिळून सेहेचाळीस, एवढं सांगणारी. मोबाइलच्या फोटोत ती पेन्सिल उतरलीच नव्हती. मी पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. बारा वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक मंगळवारी रेघ आणि प्रत्येक रेघेला महिरप. काही ठिकाणी पेन्सिल इतकी पुसट झाली आहे की बोटानं कागदावरचा दाब चाचपावा लागतो. आजोबांनी एकदाही खोटं लिहिलं नव्हतं. कोरडा तो कोरडा, न मोजलेला तो न मोजलेला, आणि साठलेला तो साठलेला. ज्या फरकासाठी मी रात्रभर त्यांच्यावर रागावले होते, तो त्यांनी पाळला होता आणि मी पुसला होता.

पुढचे आठ दिवस मी सगळं पुन्हा तपासलं. ठिपका असेल तिथं शून्य ठेवलं, रेघ असेल तिथला रकाना रिकामा केला. संगणकाला सरासरी काढायला सांगितली तर तो शून्य धरतो आणि रिकामी जागा सोडून देतो, म्हणजे एका चिन्हाच्या चुकीनं सगळं गणित हलतं. महिरपीतल्या आकड्यांसाठी "दोन दिवसांचा" असा वेगळा रकाना केला. ज्यांच्याकडे असल्या जुन्या नोंदी असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, फोटोवरून टंकून थांबू नका. मूळ कागद एकदा तरी उजेडात तिरपा धरून बघा.

या दुसऱ्या फेरीत मी १९८१ पर्यंत पोचले आणि पुन्हा थांबले. २ जून, मंगळवार, रेघ. ९ जून, रेघ. १६ जून, मंगळवार, चौदा दशांश सहा. त्यानंतर वहीत मंगळवारची रेघ जवळजवळ नाहीशी होते. बुधवार इतर दिवसांसारखा होतो. मला वाटलं, आजोबांनी बाजार सोडला असेल. संध्याकाळी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "बाजार सोडून खायाचं काय? गुडघं धरल्यालं साल येईस्तवर जात व्हतं. सहाची यष्टी." मग मंगळवारी मोजायचं कोण? हे मी तेव्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नाही. घरात शिकलेले आजोबा एकटेच, पणजीला मोतीबिंदू, बाबा शाळेत जाणारं पोर आणि आजीला अक्षरओळख नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की आता आजोबांनी बाजारातून आल्यावर संध्याकाळी मोजून सकाळच्या नावावर लिहायला सुरुवात केली असेल, आणि मंगळवार पुन्हा संशयात गेला.

उत्तर मिळालं ते वर्गात शिकलेल्या एका साध्या गोष्टीतून. जनगणनेत माणसं वय सांगतात तेव्हा तीस, पस्तीस, चाळीस या वयांची माणसं भलतीच जास्त निघतात, कारण माणूस गोल आकड्याकडे ओढला जातो. मोजणाऱ्याचंही तसंच. आजोबांच्या पेल्यावर दर मिलिमीटरला एक लांब रेघ आहे आणि दोन लांब रेघांमध्ये चार आखूड, म्हणजे एक आखूड रेघ दोन दशांशाची. पाणी कुठल्याही रेघेपर्यंत येऊ शकतं, तेव्हा दशांशाच्या जागी शून्य, दोन, चार, सहा, आठ हे पाचही सारखेच यायला हवेत. पाचात एकदा शून्य. मी पाच मिलिमीटरच्या वरचे सगळे आकडे घेतले आणि त्यांचा शेवटचा अंक वेगळा केला.

```
=MOD(ROUND(B2*10,0),10)
```

१९८१ नंतरच्या वर्षांत, मंगळवार सोडून बाकी वारांना, शंभरातले बासष्ट आकडे शून्यावर संपत होते. आजोबा बारीक पाऊस नीट वाचत, पण पाणी बरंच असलं की जवळच्या लांब रेघेवर जात. त्यात वावगं काही नाही, भल्याभल्यांची ती सवय असते. पण मंगळवारचे असे सत्तर आकडे होते आणि त्यांतले शून्यावर संपणारे फक्त पंधरा. पाचात एक, जवळपास नेमकं. पाण्याच्या शेवटच्या रेघेला वाराशी काही देणंघेणं नसतं. अक्षर तेच, शाई तीच, चार तोच वायसारखा. पण मंगळवारी पेल्याकडे बघणारे डोळे वेगळे होते, आणि ते आजोबांपेक्षा जास्त काटेकोर होते.

मी लॅपटॉप मिटला आणि चुलीपुढे जाऊन बसले. आजी भाकरी थापत होती. म्हटलं, आजी, मंगळवारी पावसाचं माप तू बघायचीस का गं?

तिनं परातीतलं पीठ गोळा केलं, हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "मग कोण बगणार?"

आधी दोघंही बाजाराला जायची. आजोबा गाठोडं उचलायचे, विकायची आजीच. १९८१ च्या उन्हाळ्यात धाकट्या आत्याचा जन्म झाला आणि तान्ह्या पोरीला घेऊन पावसात बाजारात बसणं शक्य नव्हतं, म्हणून ती घरी राहिली. पहिले दोन-तीन मंगळवार मापाकडे कुणी बघितलं नाही. मग एका सोमवारी रात्री आजोबांनी तिला पेला दाखवला. लिहायचं नव्हतंच. लांब रेघा किती ओलांडल्या ते मोजायचं आणि त्यावर आखूड किती. पेला भरला तर तो ओतायचा आणि पुन्हा धरायचा. "चौदा मोठ्या, तीन बारक्या," आजी म्हणाली, चुलीकडे बघत, आणि मला क्षणभर कळलं नाही की ती कशाबद्दल बोलते आहे. चौदा, आणि तीन वेळा दोन दशांश. चौदा दशांश सहा. १६ जून १९८१. "पयला आकडा कोण इसरतं व्हय? दिसभर घोकत व्हते. पोरगी रडाया लागली तरी तिला पाळण्यात त्येच म्हणत व्हते. इसरलं तर ह्ये आल्यावर काय सांगू?" रेडिओ चालू ठेवायचा, साडेआठ झाले की परड्यात जायचं, संध्याकाळच्या गाडीनं आजोबा येईपर्यंत ते दोन आकडे तोंडात धरायचे. ते हातपाय धुऊन वही काढत, ती सांगे, ते लिहीत. गोल करायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन बारक्या म्हणजे तीन बारक्या.

मी विचारलं, आत्या मोठी झाल्यावर तू परत बाजाराला का गेली नाहीस? यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्याला लावली, ती फुगली. "मग मापाचं कोण बगणार?" तिनं पुन्हा तेच म्हटलं, पण आवाज वेगळा होता. मग थोड्या वेळानं, जणू त्याचा याच्याशी संबंध नाही अशा सुरात, तिनं सांगितलं की तिची थोरली बहीण त्याच बाजाराला यायची. पलीकडच्या गावची. दोघी भेळेच्या पुड्या घेऊन देवळाच्या पायरीवर बसायच्या. पुढं वर्षातून एकदा जत्रेला गाठ पडायची तेवढीच.

त्या दोन वाक्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. आधी मला नुसता आनंद झाला होता, वहीत लपलेली आजी सापडल्याचा. वहीच्या पहिल्या पानावर आजोबांचं पूर्ण नाव आहे, गाव, तालुका आहे, तिचं नाव सात वह्यांत कुठंही नाही. आजोबांना तिच्या आकड्यावर स्वतःच्या आकड्याइतकाच भरवसा होता, कारण तिचे मंगळवार त्यांनी त्याच शाईनं, काहीही खूण न करता लिहिले. तो मान होता की विसर, हे पानावरून ठरवता येत नाही. आणि ज्या सोळा वर्षांच्या नोंदींना आता जवळजवळ एकही भोक नाही म्हणून मी खूश आहे, त्या भोकांच्या जागी एक बाई बहिणीला न भेटता घरी थांबली होती. ती राजीखुशीनं थांबली की तिला थांबावं लागलं, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तसलं काय इचारतीस," आणि मला जेवायला वाढलं.

प्रकल्पाच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला, "मोजणी कुणाची". १९८१ पासूनच्या मंगळवारांसमोर आजीचं नाव टाकलं. आमच्या मॅडमनी तो रकाना पाहून विचारलं, याला पुरावा काय? मी शेवटच्या अंकांची मोजणी दाखवली आणि आजीचं बोलणं जसंच्या तसं लिहून दिलं. सत्तर आकडे थोडे आहेत हे त्यांनी मला बजावलं, आणि ते खरं आहे. आजीचं बोलणं नसतं तर नुसत्या अंकांवरून मला एवढंच म्हणता आलं असतं की मोजणारा वेगळा होता. कोण, ते नाही.

मृग लागून चार दिवस झाले होते तेव्हा मी पुन्हा गावी गेले. पर्जन्यमापक अजून परड्यात आहे, काट्या कुजून गेल्यात, नरसाळ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. मी ते धुतलं, बाटली बसवली, माळ्यावरून पेला काढला. रात्री वळवासारखा पाऊस झाला, पत्रे वाजत होते. सकाळी साडेआठला आजीला हाताला धरून परड्यात नेलं. मी पेल्यात पाणी ओतलं आणि डोळ्यांपुढे धरून वाचायला लागले. "आसं न्हाई," ती म्हणाली आणि पेला माझ्या हातातून घेतला. भिंतीच्या कोनाड्यात, सपाट दगडावर ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकवत, सावकाश, पेल्याच्या उंचीला येईपर्यंत वाकली. "कडंला पाणी वर चढतं, त्ये बघू नगं. पाण्याच्या पोटाला बग." तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा तिनं मिटून घेतला. ओठ हलत होते. शेजारच्या घरात कुणी तरी रेडिओ लावला होता. बऱ्याच वेळानं ती सरळ झाली, पदरानं पेल्याची बाहेरची बाजू पुसली आणि म्हणाली,

"सहा मोठ्या, चार बारक्या."

मी सहा दशांश आठ लिहिलं.